साठ हजारांची चेन आणि फोनमधलं साठ हजारांचं सोनं

परळच्या एका चाळीतल्या घराचं हे प्रकरण आहे. आई पोळीभाजी केंद्र चालवते, मुलगा अंधेरीत नोकरीला आहे आणि धाकटी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलीच्या लग्नात दीड तोळ्याची बांगड्यांची जोडी घालायची, हे घरात पक्कं ठरलंय. लग्नाला अजून तीनेक वर्षं आहेत आणि महिन्याला ५,००० रुपये बाजूला पडतात. प्रश्न एवढाच होता की हे पैसे सोन्यात कसे साठवायचे.

या घरातली आई, म्हणजे आमच्या काकू, आमच्या बचतगटात आहेत आणि गटाचा हिशेब मी लिहिते. त्याआधी मी दादरच्या एका सराफ पेढीत बिलं लिहायचे, म्हणून सोन्याचं काही असलं की बायका माझ्याकडे येतात. काकू आल्या तेव्हा घरात दोन तट पडले होते. गुढीपाडव्याला त्यांनी साठवलेल्या ६० हजारांची चेन घेतली होती. मुलाने त्याच वर्षात फोनवरच्या ॲपमधून दर महिन्याला ५,००० टाकत ६० हजारांचं डिजिटल सोनं घेतलं होतं. मुलाचं म्हणणं, “आईने घडणावळीत पैसे घालवले.” काकूंचं म्हणणं, “ताई, फोनमधलं सोनं कुणी बघितलंय?”

दोघांचंही निम्मं खरं होतं. मात्र त्यांना नडणारी गोष्ट तिसरीच होती, आणि ती दोघांच्याही बोलण्यात आली नव्हती. ती हिशेब मांडल्यावर दिसते, म्हणून आधी हिशेब.

भाव रोज हलतो. त्यामुळे मी दोन्हीकडे एकच सोपा भाव धरला: २४ कॅरेट ग्रॅमला १०,००० रुपये आणि त्यावरून २२ कॅरेट ९,१६० रुपये. आजचा खरा भाव वेगळा असेल, पण टक्केवारीचं गणित तेच राहतं.

काकूंची चेन ५.६७ ग्रॅमची. सोन्याची किंमत झाली ५१,९३७. त्यावर १२ टक्के घडणावळ, म्हणजे ६,२३२. दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी, १,७४५ रुपये. हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर धरून ५३. एकूण बिल ५९,९६८. घडणावळीवर ५ टक्के जीएसटी लागतो असं पुष्कळ जण ऐकून असतात. तो आपलं सोनं कारागिराला देऊन नुसती मजुरी मोजली तर लागतो. दुकानातून तयार दागिना घेतला की सोनं आणि घडणावळ मिळून पूर्ण रकमेवर ३ टक्केच. बिलात वेगळं काही दिसलं तर तिथेच विचारावं.

आता मुलाचं सोनं. ॲपवर खरेदीचा भाव घाऊक भावापेक्षा थोडा वर असतो आणि विक्रीचा थोडा खाली. हा फरक कंपनीगणिक आणि वेळेगणिक बदलतो. मी खरेदी १०,१५० आणि विक्री ९,८५० धरली. खरेदीवर ३ टक्के जीएसटी इथेही आहेच, म्हणजे ग्रॅम पडला १०,४५४ रुपयांना. ६० हजारांत ५.७४ ग्रॅम आलं, तेही २४ कॅरेट.

मुलगा लगेच म्हणाला, “बघा, माझं सोनं जास्त आणि शुद्धही जास्त.” त्याचं बरोबर होतं, फक्त कारण वेगळं. २२ कॅरेट म्हणजे भेसळ नव्हे. निव्वळ सोनं मऊ असतं, त्याची कडी टिकत नाही म्हणून त्यात तांबं-चांदी घालतात आणि दुकानदार पैसेही २२ कॅरेटच्याच भावाने घेतो. तुलना करायची तर दोन्हीकडचं निव्वळ सोनं मोजावं. काकूंच्या चेनीत ५.१९ ग्रॅम, मुलाच्या खात्यात ५.७४. अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त फरक, आणि तो जवळजवळ सगळा घडणावळीचा.

दोघांनीही त्याच भावाला विकायचं म्हटलं तर चेनीचे सोन्याइतके, म्हणजे ५१,९३७ मिळायला हवेत, पण रोख मोड देताना बहुतेक सराफ थोडी कपात करतात. ती २ टक्के धरली तर हातात ५०,८९८ येतात. मुलाला मिळतात ५६,५३० च्या आसपास. चेनीत घातलेले पैसे नुसते परत मिळायलाही सोन्याचा भाव सुमारे १८ टक्के वर जावा लागतो, ॲपमधल्या सोन्यात ६ टक्के. इथवर मुलगा जिंकलेला दिसतो.

पण बांगड्या करायच्या आहेत

या घराला पैसे परत नकोत, बांगड्या हव्यात. डिजिटल सोनं जिथे खर्चात पडतं ती जागा ही आहे.

ॲपमधल्या सोन्याच्या थेट बांगड्या होत नाहीत. कंपनी नाणं किंवा छोटी वीट घरपोच देते आणि तिची घडणावळ व पोचवण्याचा खर्च वेगळा लावते. काही कंपन्यांची ठरावीक सराफांशी जोडणी असते, तिथे ते सोनं दागिन्यात बदलता येतं, पण मग दुकान आणि घडणावळ त्यांच्या यादीतलीच. एरवी सोनं विकायचं, पैसे खात्यात घ्यायचे आणि सराफाकडे जाऊन बांगड्या घ्यायच्या. आधी भरलेला ३ टक्के जीएसटी गेला. बांगड्यांवर पुन्हा ३ टक्के. खरेदी-विक्रीतला फरक गेला तो वेगळाच.

आकड्यांत सांगते. मुलाच्या ५६,५३० रुपयांत १२ टक्के घडणावळीच्या बांगड्या घेतल्या तर २२ कॅरेटचे ५.३४ ग्रॅम बसतात. त्याच दिवशी ६० हजार रोख घेऊन थेट बांगड्या घेतल्या असत्या तर ५.६७ ग्रॅम आले असते. म्हणजे दर ६० हजारांमागे एक तृतीयांश ग्रॅम वाटेत सांडतो. तीन वर्षांत १ लाख ८० हजार जमणार, तर जवळजवळ १ ग्रॅम.

आणि काकूंचा बेत? त्यांच्या मनात दर पाडव्याला एक चेन किंवा अंगठी घ्यायची आणि शेवटी सगळं मोडून बांगड्या करायच्या असं होतं. आमच्या आयांनी हेच केलं. त्यात घडणावळ दोनदा जाते. ज्या पेढीतून घेतलं तिथेच बदलून घेतलं आणि त्यांनी सोन्याची पूर्ण किंमत धरली, तरी ५१,९३७ मध्ये ४.९१ ग्रॅमच्या बांगड्या येतात. थेट घेण्यापेक्षा पाऊण ग्रॅम कमी. डिजिटलच्या वाटेपेक्षाही कमी. ठुशी किंवा नक्षीचे तोडे असते तर घडणावळ १८-२० टक्क्यांच्या घरात जाते, मग हा तोटा आणखी मोठा. मोडायच्या हेतूने दागिना घेणं ही या सगळ्यातली सर्वांत महाग बचत आहे, आणि आपल्या घराघरात तीच सर्वांत जास्त चालते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे पैसे कष्टाचे असतात.

काकूंनी हा आकडा पुन्हा करून दाखवायला सांगितला. मी पाटीवर करावा तसा कागदावर परत केला. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे तो पण चुकला आणि मी पण?” मी म्हटलं, “काकू, कशासाठी घेताय ते आधी ठरायला हवं होतं, एवढंच.” सोनं शेवटी विकून पैसे करायचे असते, कॉलेजच्या फीसाठी म्हणा, तर मुलाची वाट चेनीपेक्षा कितीतरी स्वस्त होती.

शुद्धतेची खात्री

काकूंच्या चेनीच्या कडीवर भिंगातून तीन खुणा दिसतात: बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं त्रिकोणी चिन्ह, 22K916 ही शुद्धतेची खूण आणि एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाचा वेगळा असा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीचा असलेल्या जिल्ह्यांत एचयूआयडी नसलेला दागिना दुकानदाराला विकता येत नाही. मुंबई त्यात आहेच. २ ग्रॅमच्या आतल्या नगांना सूट आहे, म्हणून बारीक नथ किंवा कानातल्या रिंगांवर तो नसला तर दचकायचं कारण नाही.

मी काकूंच्या समोर बीआयएस केअर ॲप उघडलं, `Verify HUID` मध्ये तो क्रमांक टाकला. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्क केंद्राचं नाव, तारीख असं सगळं आलं. इथे बायका फक्त 916 बघतात आणि ॲप बंद करतात. बघायचं असतं ते दागिन्याच्या प्रकाराकडे. हातात चेन आहे आणि पडद्यावर अंगठी लिहिलंय, तर तो क्रमांक दुसऱ्याच नगाचा आहे. काकूंचा जुळला.

हॉलमार्कने शुद्धता कळते. वजन काट्यावर आणि बिलावरच बघायचं. बिलात निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं हवं, कारण मंगळसूत्रातले काळे मणी, बोरमाळेतली लाख, खडे यांचं वजन सोन्याच्या भावाने घेतलं गेलं तर ते मोडताना परत मिळत नाही. पेढीत असताना सर्वांत जास्त भांडणं मी यावरूनच पाहिली. गिऱ्हाईक एकूण वजन लक्षात ठेवून येतं आणि सराफ निव्वळ वजनावर मोड सांगतो. हॉलमार्कपेक्षा शुद्धता कमी भरली तर, त्या वजनावर जेवढ्या किमतीची तूट निघेल तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद बीआयएसच्या २०१८ च्या नियमांत आहे. पण त्यासाठी बिल लागतं. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या दागिन्याचं बोलायलाच नको.

डिजिटल सोन्याची शुद्धता साधारण ९९.९ टक्के किंवा त्याहून वर सांगतात. मुलाला वाटत होतं की पैसे देण्याचं ॲप हेच सोनं विकतं. ॲप फक्त खिडकी असते. मागे सोनं विकणारी कंपनी वेगळी. आपल्याकडे एमएमटीसी-पॅम्प, सेफगोल्ड आणि ऑगमाँट ही त्यातली मोठी नावं. आपण घेतलेल्या ग्रॅमइतकं सोनं तिजोरीत ठेवलं जातं आणि त्यावर विश्वस्त संस्था नेमलेली असते, अशी ती रचना आहे. हे ठीकच, पण ते सोनं आपण कसाला लावू शकत नाही आणि त्यावर सरकारी नियामकाची नजर नाही. ८ नोव्हेंबर २०२५ ला सेबीने लोकांना उघड सावध केलं की असं डिजिटल सोनं रोखेही नाही आणि नियमनाखालचा वायदाही नाही, ते सेबीच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे कंपनी अडचणीत आली तर शेअर-म्युच्युअल फंडांच्या गुंतवणूकदाराला मिळणारं संरक्षण इथे नाही. सोनं बुडेलच असं मी म्हणत नाही. पण पाच हजारांची सवय लागून रक्कम लाखावर जाते, तेव्हा हे माहीत असावं.

मुलाने पावती उघडली, तर कंपनीचं नाव, ग्रॅम, भाव, जीएसटी सगळं होतं. अटींमध्ये मात्र काही वर्षं फुकट सांभाळू आणि मग शुल्क लागेल किंवा सोनं घ्यावं-विकावं लागेल, असं होतं. ही मुदत कंपनीगणिक बदलते. लग्नाच्या तारखेच्या आत संपत नाही ना, हे त्याने तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

सोय कुणाची?

सोयीच्या बाबतीत फोनला तोड नाही, हे काकूही मान्य करतात. दुकानात जायला नको, दहा-पन्नास रुपयांचंही घेता येतं, दहा बाय बाराच्या खोलीत कपाटात सोनं ठेवायची धास्ती नाही, लोकलमध्ये गळ्याला हात लावून उभं राहायला नको.

पण एक गोष्ट त्या घरात कुणी बोलत नव्हतं. केवायसी मुलाची, फोन मुलाचा, बँक खातं मुलाचं. म्हणजे बहिणीच्या लग्नासाठी आईच्या पोळ्यांच्या पैशांनी घेतलेलं सोनं कागदावर मुलाचं आहे. मुलगा गुणी आहे, यात शंका नाही. उद्या त्याचंच काही बरंवाईट झालं किंवा त्याचं लग्न होऊन घरात दुसरं मत आलं, तर काकूंनी काय दाखवायचं? चेन त्यांच्या नावच्या बिलाची आहे आणि त्यांच्या गळ्यात आहे. बायकांच्या सोन्याबद्दल लिहिताना मला ही बाब घडणावळीपेक्षा मोठी वाटते. मी मुलासमोरच हे सांगितलं. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, “आईच्या नावाने खातं काढू.” काकूंचा आधार-पॅन आहे, साधा स्मार्टफोनही आहे. काही ॲपमध्ये सोनं दुसऱ्याच्या खात्यात भेट म्हणून पाठवता येतं, तेही बघायचं ठरलं.

अडीअडचणीचंही बघावं लागतं. चेनीवर बँकेत सोनेतारण मिळतं. दागिना बँकेत राहतो, मोडावा लागत नाही. निव्वळ सोन्याच्या विटेवर बँका कर्ज देत नाहीत, आणि ॲपमधल्या सोन्यावर ते मिळेल असं धरून चालू नये. दवाखान्याची वेळ आली तर डिजिटल सोनं विकूनच टाकावं लागणार, भाव पडलेला असला तरी. काकूंनी लॉकडाऊनमध्ये बांगडी तारण ठेवून घर चालवलं होतं आणि नंतर सोडवून आणली होती. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

मग काय ठरलं

मुलाने घेतलेलं सोनं विकायचं नाही. त्याच्यावरचा जीएसटी भरून झालाय, आज विकलं काय आणि तीन वर्षांनी विकलं काय, विक्रीच्या भावातला फरक एकदाच जाणार. भाव वाढला तर त्याचा फायदा मिळेल. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलं तर नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो आणि कर साडेबारा टक्क्यांनी लागतो. त्याआधी विकलं तर नफा त्याच्या पगारात मिळवून कर बसतो. नवीन पैसे मात्र तिथे टाकायचे नाहीत.

पुढच्या पैशांसाठी काकूंना मी वेढणी सुचवली. सराफाकडे २४ कॅरेटचं साधं वळं मिळतं, ते अंगठीसारखं दिसलं तरी घालायचं नसतं, साठवायचं असतं. काही कोरीवकाम नसल्यामुळे घडणावळ नाममात्र. १ टक्का धरली तर ग्रॅम १०,४०३ ला पडतो आणि ६० हजारांत ५.७७ ग्रॅम येतं. त्याच सराफाकडे पूर्ण भावाने बदलून बांगड्या घेतल्या तर ५.४५ ग्रॅम बसतात. डिजिटलपेक्षा थोडं बरं, चेनीपेक्षा बरंच बरं. अट एकच: “पूर्ण भावाने बदलून देऊ” हे बिलावर लिहून घ्यायचं. अर्ध्या-एक ग्रॅमच्या वेढणीवर टक्केवारी जास्त बसते, म्हणून दर महिन्याला न घेता पैसे गटात साठवायचे आणि दसरा-पाडव्याला एकदम तीनेक ग्रॅम घ्यायचं.

मुलाने गोल्ड ईटीएफचं, म्हणजे शेअर बाजारात मिळणाऱ्या सोन्याच्या फंडाचं, विचारलं. ते सेबीच्या नियमनाखाली येतं, युनिट घेताना जीएसटी नाही आणि खर्चही कमी असतो. पण डीमॅट खातं लागतं, आणि काकूंना तेवढं नको होतं. ज्याचं डीमॅट आहे आणि ज्याला शेवटी पैसेच हवेत, त्याने ॲपच्या आधी तिकडे बघावं.

सराफांच्या ११ हप्त्यांच्या योजनेचा विषयही निघाला, कारण लालबागच्या एका दुकानाने काकूंना कार्ड दिलं होतं. घडणावळ माफ होत असेल तर ते आकड्यांत सर्वांत फायद्याचं ठरू शकतं. पण वर्षभर आपला पैसा दुकानदाराकडे आगाऊ रक्कम म्हणून पडून असतो, त्याला बँकेच्या ठेवीसारखा विमा नाही. लग्नाच्या आधीच्या शेवटच्या वर्षात, जुन्या ओळखीच्या पेढीत, एकदाच करायचं तर करा, असं मी म्हटलं.

चेन मोडायची नाही, ती मुलगी लग्नात घालेल. बांगड्यांची ऑर्डर लग्नाच्या दोन-तीन महिने आधी द्यायची. माप मुलीच्या हाताचं, काम साधं, घडणावळ १० टक्क्यांच्या आत बसते का हे दादर आणि झवेरी बाजार अशा दोन्हीकडे त्याच दिवशी विचारायचं. सोन्याचा भाव दुकानादुकानांत फारसा हलत नाही, घासाघीस घडणावळीवरच होते. काकूंनी वहीत लिहून घेतलं: निव्वळ वजन, घडणावळ किती टक्के, दोन्ही बांगड्यांवर वेगवेगळा एचयूआयडी, आणि बिल मुलीच्या नावाने.